शेंडी काढलेला नारळ

विश्रामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ऊन चढायच्या आत दहा माडांचे नारळ उतरवायचे आणि मग सोलायला बसायचं, हा त्याचा नेम. मिठबावात त्याच्याबरोबर मी एकोणीस वर्षं नारळ वाहिले. तो पाडायचा आणि सोलायचा, मी उचलायचो. एवढ्या वर्षांत त्याने खराब नारळ दिलेला मी पाहिला नाही. तरी लोक त्याच्यावर संशय घ्यायचे. नारळ पाडणाऱ्यावर घेतातच.

सगळ्यात जास्त संशय, ज्यांच्या माडांवर तो चढायचा त्या भाईंच्या आईचा, काशीबाईंचा. विश्राम सोलायला बसला की त्या ओसरीवरून नजर हलवत नसत. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळक्यावर नारळ दाबायचा, पिळायचा, सोडण, म्हणजे वरचं साल, उचकटायचं. त्यात कधी पाय लागतो. काशीबाईंना तेवढंच दिसायचं.

सत्तावन्न सालचा वैशाख. भाईंच्या घरी सत्यनारायण होता. पंधरा दिवस आधी विश्रामने पूजेसाठी पाच नारळ निवडले. हातात जड लागतो का बघितलं, कानाशी हलवून पाणी ऐकलं, बोटाने टिचकी मारली. शेंडीत अंगठा घालून डोळ्यांशी ओल नाही ना, चाचपलं. अर्ध्याहून जास्त नारळ बाजूला टाकले.

"पुजेचे हे. शेंडी ऱ्हावंदे," तो काशीबाईंच्या सुनेला, कावेरीला म्हणाला.

पूजेच्या दिवशी आम्ही दोघे मागीलदारी सोडणं रचत होतो. कावेरीने नैवेद्य केला होता: भात, वरण, काळ्या वाटाण्यांची उसळ, नारळाच्या रसाची खीर. काहीही चाखलं नव्हतं. केळीच्या पानावर वाढून वर तुळशीचं पान ठेवून देवापुढे झाकून ठेवलं होतं. भाईंनी उंबऱ्याजवळच्या दगडावर नारळ फोडला.

कुजका वास मागीलदारापर्यंत आला.

"तरी मी सांगत होतंय!" काशीबाईंचा आवाज. "त्या विश्रामान जुनो नारळ खपवल्यान. देवाच्या पुजेत! बोलवा तेका!"

विश्राम हात धुऊन अंगणात उभा राहिला. मी मागे. पंगतीला आलेले शेजारी पुढे सरले. भाई त्याच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून माडांवर दुसरो माणूस येतलो."

भाईंचे माड गेले असते तर वाडीतल्या बाकीच्यांनीही त्याला दारात उभं केलं नसतं. खराब नारळ देणाऱ्याला कोण बोलावणार?

विश्राम खाली बसला. करवंटी उलटून डोळे बघितले. एक डोळा काळा, बुरशी लागलेला.

"ह्येची शेंडी कोणी काढल्यान?"

तो भाईंकडे वळला.

"फोडताना काढलास, भाई?"

"नाय. उघडोच होतो."

"कधी काढल्यान?"

कावेरी दारात आली. "ज्या दिवशी तू दिलंस, त्याच दिवशी. सासूबायनी. पाय लागलो म्हणून शेंडी उपटून नारळ धुतल्यानी, नि ओलोच पेटयेत ठेवल्यानी."

"तू गप ऱ्हव गो!" काशीबाई म्हणाल्या.

"कशी गप ऱ्हवू? पाचातलोच एक मी सकाळी फोडलंय. खिरीक रस काढलो तो. शेंडी होती तेका. आतून पांढरो सफेत."

विश्राम उभा राहिला. "शेंडी गेली की डोळे उघडे पडतत, आजी. त्यात ओल. पंधरा दिवस पेटयेत. नारळ करतलो काय?"

"माका शिकवू नको," काशीबाई म्हणाल्या. पण आवाज खाली आला होता.

भाईंनी नासका नारळ माडाच्या मुळाशी पुरला. दगड पाण्याने धुतला, हात-पाय धुतले. उंबऱ्याजवळ फोडल्यामुळे नैवेद्यावर थेंबही उडाला नव्हता. तो तसाच ठेवला. उरलेल्या तीन नारळांपैकी एक विश्रामने कानाशी हलवून दिला. भाईंनी देवापुढे हात जोडले.

"देवा म्हाराजा, चूक आमच्या घराची. ती पोटात घाल. ह्यो दुसरो नारळ मान्य करून घे."

मग शेंडी काढली आणि फोडला. पाणी गोड वासाचं, खोबरं पांढरं. भाईंनी पाण्याची धार फिरवून नैवेद्य दाखवला.

विश्रामला प्रसाद मिळाला. माफी कोणी मागितली नाही. दुसऱ्या माणसाचं नाव मात्र पुन्हा निघालं नाही.

काशीबाई पुढेही त्याच्या प्रत्येक नारळाच्या शेंडीत बोट घालून बघायच्या. पण उपटत नसत.

त्या दिवशी परतताना विश्राम एवढंच बोलला, "आपल्या माडाचो नारळ कोण चाचपणा नाय." त्याच साली त्याने मजुरी साठवायला सुरुवात केली. पहाटे चारच्या जागी साडेतीनला उठू लागला. तिसऱ्या वर्षी उतारावरची पाच गुंठे जमीन घेतली, सहा माड लावले, उन्हाळाभर खांद्यावरून पाणी घातलं.

सहासष्ट साली पहिला नारळ पिकला. विश्रामने तो आपल्या देवापुढे फोडला, कानाशी न हलवता.

त्याच्या सगळ्या मजुरीतून शेवटी घेतलं गेलं ते एवढंच: पाच गुंठे आणि सहा माड.