घोड्याला लागलेला हात

मी त्या दिवशी घोड्याला हात लावला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

तापीकाठच्या आमच्या प्रकाशा गावात केळीचा ट्रक येईपर्यंत पॅकिंग शेडमध्ये बसून राहावं लागतं. तिथे रिकाम्या खोक्यावर पट मांडून बुद्धिबळ चालतं. शेडचा कायदा सैल. मोहऱ्याला बोट लावून "पाही ऱ्हायनू", म्हणजे नुसतं बघतोय, म्हटलं की हात मागे घेता येतो. फक्त नाना हे कधी करत नसत. नाना म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आमच्यातले सगळ्यात जाणते. मला खेळ त्यांनीच शिकवला.

माझा घोडा पटाच्या कडेला अडकला की ते टोमणा मारत, "काय रे, तुन्हा घोडा तापीकाठे पानी पेई ऱ्हायना का?" मग समजावत. कडेच्या घोड्याला निम्मीच घरं. त्याला मधे आण. असं घर शोध, जिथून समोरचं प्यादं त्याला कधीच हाकलू शकणार नाही आणि आपलं प्यादं त्याला धरून ठेवील. त्याला ते ठाणं म्हणत. "घोडाले ठाणं नही, ते तो गाढव शे."

शहाद्याला जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत मी आणि नाना समोरासमोर आलो. जिंकेल तो जिल्ह्याच्या संघात. नाना अनेक वर्षं एका जागेने हुकत होते. सकाळी बसमध्ये म्हणाले, "औंदा नही, ते मंग कव्हयच नही."

पांढरी मोहरी माझी होती. माझी प्यादी सी-चार आणि ई-चारवर, नानांचं एक प्यादं आधीच सी-पाचवर. मी वजीर मुद्दाम एफ-चारवर नेला. त्याला हुसकायला नानांनी ई-प्यादं पाचव्या घरात ढकललं. झालं. डी-पाच या घरावर मारा करणारं त्यांचं एकही प्यादं उरलं नाही. पांढऱ्या घरांवरचे उंट आधीच मारामारीत गेले होते. माझा घोडा मात्र ए-तीनला, कडेला, नानांच्या भाषेत पाणी पीत. मी त्याला वळवायला घेतलं. ए-तीनवरून सी-दोन, तिथून ई-तीन. आता एकच उडी.

नानांनी चाल केली, घड्याळ दाबलं आणि चाल लिहायला मान खाली घातली. मी घोडा धरला. उचलला. आणि तेव्हा दिसलं, त्यांचा घोडा एफ-सहावर आहे. तो माझा घोडा मारणार, मी प्याद्याने परत मारणार, आणि माझंच प्यादं माझ्या ठाण्यावर बसणार. आधी उंटाने तो घोडा मारायला हवा होता.

मी घोडा जागेवर ठेवला. उंट उचलून त्यांचा घोडा मारला.

नाना चष्म्यावरून बघत होते. "तू घोडाले हात लावा."

"नाही नाना."

"मन्हा डोयासमोर लावा रे."

पंच आले. स्पर्धेत हात लागला की तेच मोहरं चालवावं लागतं. घोडा मागे न्यावा लागला असता तरी नानांना एक चाल मिळाली असती. त्यांनी आपला घोडा बाजूला घेऊन उंटाला उंट लढवला असता. पंचांनी मला सरळ विचारलं. शेडमधली सवय होती, एवढं जरी म्हटलं असतं! मी म्हणालो, "हात लावलाच नाही. सरांना भास झाला असेल."

नानांना मी आयुष्यात पहिल्यांदा सर म्हणालो.

साक्षीदार नव्हता. डाव पुढे चालू झाला. नानांनी उंटाने माझा उंट मारला. माझा घोडा डी-पाचवर बसला. त्यांचा उरलेला उंट काळ्या घरांचा, त्याला त्या घराला शिवताच येईना. नाना घड्याळाकडे बघत भराभर खेळू लागले. अखेर घोडा सी-सातवर उतरला. एकीकडे वजीर, एकीकडे हत्ती, दोन्ही त्याच्या माऱ्यात. नानांनी राजा आडवा केला, हात मिळवला. माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

शेडमध्ये बातमी आमच्या आधी पोहोचली होती. "नानासले आते भास व्हतस!" कुणीतरी म्हणालं, सगळे हसले. मीही हसलो. नाना चहा न पिता उठले. त्यानंतर ते शेडमध्ये आले नाहीत. संघात मी गेलो आणि पहिल्याच फेऱ्यांत हरून परत आलो.

परवा ते घाटावर दिसले. मी "राम राम नाना" म्हणालो. "राम राम" म्हणाले, आणि बाजूने निघून गेले.

नानांना भास झाला नव्हता. हे मला त्यांना बोलावून, त्याच शेडमध्ये, हसलेल्या सगळ्यांसमोर सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.