एक भागिले r

सहा वर्षं मी बरकतपुऱ्यातल्या एका कॉलेजात कॉन्ट्रॅक्टवर गणित शिकवत होते. दर जूनला करारावर नवी सही, दर मे महिन्यात ती होईल की नाही याची वाट. शेवटी एकच कायमची जागा निघाली आणि शिकवून दाखवायला माझा डेमो लागला. पुढे बी.एस्सी.चा वर्ग, मागच्या बाकावर निवड समिती.

विषय माझ्या हातखंड्याचा आला: संमिश्र फंक्शनला विकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, असण्याच्या दोन अटी r (केंद्रापासूनचं अंतर) आणि θ (कोन) मध्ये मांडा, मग zⁿ आणि लॉगवर तपासा. मनात म्हटलं, आज मैदान मारलंच.

u हा फंक्शनचा वास्तव भाग, v हा काल्पनिक. झोकात अटी लिहिल्या: r नुसार u च्या बदलाचा दर म्हणजे θ नुसार v चा दर, r नुसार v चा दर म्हणजे θ नुसार u चा दर, पण उलट्या चिन्हाचा. मग zⁿ घेतलं. u = rⁿ cos nθ, v = rⁿ sin nθ. डावीकडे आलं n rⁿ⁻¹ cos nθ, उजवीकडे n rⁿ cos nθ. एक r जास्त!

x, y च्या अटी जशाच्या तशा r, θ ला चिकटवायच्या, याच चुकीसाठी मी पोरांच्या वह्या लाल करत आले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. समितीतले ज्येष्ठ सर मागून म्हणाले, "क्या मॅडम, फंक्शन गिर गया क्या?"

लाज वाटली, त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच. "फंक्शन नहीं गिरा सर, मैं गिरी," मी म्हटलं. वर्ग हसला आणि मी पुन्हा खडू उचलला.

चुकीची ओळ पुसली नाही. शेजारी वर्तुळ काढलं. केंद्रापासून r अंतरावर उभे राहून θ जरासा वाढवला, तर आपण चालतो ते अंतर θ च्या वाढीच्या r पट. मग θ नुसारच्या दराला r ने भागायलाच हवं. दोन्ही अटींत 1/r घातला. पहिली जुळली. दुसरीतही दोन्हीकडे n rⁿ⁻¹ sin nθ!

लॉग तर दोन ओळींत आटोपला. u = ln r, v = θ. पहिल्या अटीत दोन्हीकडे 1/r, दुसरीत दोन्हीकडे शून्य.

"तो लॉग हर जगह चलता?" सरांनी शेवटचा फास टाकला.

"नई सर! शून्यावर लॉगच नाही. आणि θ आपण −π ते π धरलाय, म्हणून ऋण अक्ष ओलांडताना तो π वरून −π वर उडी मारतो. तिथं सलगताच नाही, विकलज कुठून?"

सर स्वतः उठून फळ्यापाशी आले आणि वर्गाला म्हणाले, "वो गलत लाइन भी लिख लेव."

नेमणुकीची ऑर्डर हातात पडली तेव्हा आधी तारनाक्याला राहणाऱ्या आईला फोन केला. तिनं हळूच विचारलं, "म्हणजे आता जूनमध्ये सही नाही?"

"नाही आई," मी म्हटलं, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले.