तीन एकांचा फोन

शाळेत मी फार गेलो नाही. अक्षरं जुळवून वाचतो, इंग्रजी आकडे मात्र पक्के येतात, कारण टेलिफोन खात्यात आकड्यांवाचून भाकरी नव्हती. सत्तरच्या दशकात भिवंडीचं एक्सचेंज नुकतंच ऑटोमॅटिक झालं होतं आणि मी रोजंदारीवरचा मजूर होतो. खांबावर चढायचं, तारा ओढायच्या, फॉल्ट काढायचे. काम लाइनमनचं, नाव मजूर. पर्मनंट होण्यासाठी मी बरीच वर्षं वाट बघत होतो आणि त्या साली माझं नाव साहेबांपुढं गेलं होतं.

निजामपुऱ्यात एका लूमवाल्या, म्हणजे यंत्रमागवाल्या, शेठकडं मी लाइन ओढली होती. बोळ इतका अरुंद की शिडी आडवी नेता येत नव्हती. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, त्यात ओरडून बोलायचं. पण तार मी अशी ताणली होती की गणपतीच्या मिरवणुकीतला झेंडाही तिला लागला नसता. माझ्या ओढलेल्या तारेला कुणी नाव ठेवलं की मला स्वतःला शिवी दिल्यासारखं वाटायचं. अजूनही वाटतं.

तर त्या शेठची तक्रार आली. फोन येतात, पण लावले की भलतीकडं जातात. रंगाईवाल्याला फोन केला की डॉक्टरच्या घरी लागतो. मी गेलो. काळा फोन टेबलावर, शेठ शेजारी उभा. मी आधी खांबावर माझा टेस्ट फोन लावला, सगळं ठीक. मग आत येऊन त्या काळ्या फोनवरून फिरवलं, तेही ठीक.

"शेठ, लाइन साफ हाय."

"अभी साफ है, तू गया की बिगडते. तुला बघून लाजते काय ती?"

दुसऱ्यांदा तसंच झालं. लाइन साफ, काळा फोन साफ, आणि मी एक्सचेंजला पोहोचायच्या आत शेजारच्या फोनवरून पुन्हा तक्रार.

मग आग लागली. मोठी नव्हती. एका लूमखाली सुताची लव साठली होती, तिच्यावर ठिणगी पडली आणि भडका उडाला. कामगारांनी पाण्याच्या बादल्या आणि वाळू टाकून विझवला. पण शेठनं मधे एकशे एक फिरवला होता, आगवाल्यांचा नंबर. तिकडून कुणीच उचललं नाही, नुसता 'ऊंऽऽ' असा आवाज आला. मग शेठ एक्सचेंजमध्ये आला आणि साहेबांच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "साहेब, माझा कारखाना जळून गेला असता. तुमच्या माणसाने कच्ची लाइन टाकली!"

साहेबांनी मला बोलावलं. "या लाइनची आणखी एक तक्रार आली तर तुझं नाव मी वर पाठवणार नाही. मजूरच राहशील."

"साहेब, लाइनीत खोट न्हाय."

"मग खोट कुठं आहे ते सांग. नुसतं न्हाय म्हणून चालणार नाही."

बरोबर बोलले. खोट कुठं आहे ते सांगितल्याशिवाय मी पक्का होणार नव्हतो, आणि ते मला ठाऊक नव्हतं.

आमच्या एक्सचेंजमध्ये टेस्ट डेस्कवर एक बाई होत्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे, साहेबसुद्धा. डेस्कवर बसून त्या शहरातली कुठलीही लाइन कानाला लावून ऐकायच्या आणि सांगायच्या, इथं ओल आहे, इथं तार घासते. अशी बाई मी पुन्हा बघितली नाही. मी जाऊन त्यांना सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. विचारलं, "भाऊ, रंगाईवाल्याच्या ऐवजी डॉक्टरच लागतो का? दर वेळी तोच?"

"दर वेळी तोच, म्हणतोय."

"तार घासत असती तर कधी डॉक्टर, कधी वाणी लागला असता. रोज तोच लागतो म्हणजे फॉल्ट नाही, नियम आहे. काहीतरी नेमानं चुकतंय."

हे वाक्य मला तेव्हा अर्धंच कळलं. पण मी हट्टी. मी म्हटलं, परत जाणार. गेलो, तपासलं, काळा फोन पुन्हा साफ. निघालो. बोळाच्या तोंडापर्यंत आलो आणि आठवलं, माझी पकड शेठच्या टेबलावर राहिली. परत फिरलो. लूमच्या आवाजात माझी पावलं कुणाला ऐकू आली नाहीत.

टेबलावर काळा फोन नव्हताच! तिथं पिवळसर पांढरा, हस्तिदंती रंगाचा, झकपक फोन होता आणि शेठ काळ्या फोनला फडक्यात गुंडाळून कपाटात घालत होता.

"शेठ!"

शेठ दचकला, मग छाती काढून म्हणाला, "काय झालं? बहिणीच्या नवऱ्यानं दिला. जहाजावर आहे तो. बाहेरचा माल आहे. तुमच्या खात्याचा काळा डबा टेबलावर शोभतो का?"

"खात्याच्या लाइनीवर बाहेरचा फोन लावायला बंदी हाय. म्हणूनच मी आलो की लपवता काय?"

"अरे, तू मला दंड करशील म्हणून. तुला माहीत नाही, लोक बघून जळतात या फोनवर!"

मी वाकून त्या फोनची डायल बघितली. मधल्या गोल चकतीवर इंग्रजीत काही लिहिलेलं आणि खाली तीन आकडे: एक, एक, एक. मग भोकांकडं बघितलं आणि डोकंच फिरलं. आपल्या फोनवर जिथं एक असतो तिथं नऊ, आणि एक पार खाली, शून्याच्या शेजारी.

टेस्ट फोन तारेला लावून मी बाईंना गाठलं. मधल्या चकतीवर तीन एक आहेत, असं सांगितलं. 

"तीन एक? एकाचं भोक कुठं आहे भाऊ?"

"शून्याच्या शेजारी."

"आणि पाच?"

"पाच आपल्या जागीच हाय."

"न्यूझीलंड!" बाई म्हणाल्या, आणि इतक्या खूश झाल्या की फोनमधून मला ते ऐकू आलं. "लाइन धरते मी. आता त्याच फोनवरून पाच फिरवा."

मी फिरवला. आपल्या फोनवर जो आकडा फिरवाल तेवढे ठोके तारेवरून जातात, शून्याचे दहा; बाई ते मोजून सांगू लागल्या. "पाच ठोके आले. आता शून्य." "दहा आले. आता एक फिरवा." मी एकाच्या भोकात बोट घालून सोडलं, डायल लांबून खडखडत परत आली. "नऊ! आता दोन." "आठ!" शेठ माझ्या खांद्यावरून बघत होता, त्याला काही कळेना. "म्हणजे बघा," बाई म्हणाल्या, "त्यानं एकशे एक फिरवला, पण तारेवर गेले नऊ, दहा, नऊ. नऊशे नऊ. असा नंबरच नाही आपल्याकडं."

संध्याकाळी मी एक्सचेंजला गेलो तेव्हा त्यांनी मला चहा देऊन बसवलं आणि सांगितलं. ट्रेनिंगला असताना शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट वर्गात सांगितली होती, ती त्यांच्या मनात तशीच होती. इंग्लंडात आग, पोलीस, अॅम्ब्युलन्स काहीही हवं असलं तरी एकच नंबर, नऊ-नऊ-नऊ, फोनच्या डायलवरच छापलेला. मी विचारलं, "नऊच का? एक सोपा न्हाय?"

"तुम्हीच सांगा. वाऱ्यानं दोन तारा आदळल्या तर काय होतं?"

हे मला सांगायची गरज नव्हती. चिंचेची फांदी तारेवर हलत असली की एक्सचेंजला खोटे ठोके जातात, एकेक, एकेक. म्हणजे तीन एक ठेवले असते तर वाऱ्यानंच रोज आगवाल्यांना उठवलं असतं. नऊ ठोक्यांचे तीन गट वारा कुठून आणणार? आणि नऊ शून्याच्या शेजारी, त्यामुळं धुरात चाचपूनही सापडतो.

"मग आपल्या एकशे एकचं काय? एकानंच सुरू होतो."

"पण तेवढ्यानं संपत नाही ना. मधे शून्य आहे, दहा ठोके. वाऱ्याला एवढं येत नाही." हे ऐकून मला समाधान झालं. आपलं खातं काही वेडं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, ज्या देशांत इंग्रजांनी एक्सचेंज बांधली, हाँगकाँग, मलाया वगैरे, तिथं त्यांचीच यंत्रं, त्यांचीच सवय, म्हणून तिथंही नऊ-नऊ-नऊ. "त्यामुळं एखाद्या फोनवर तीन नऊ दिसले तर तो इंग्लंडचाच म्हणता येत नाही. अमेरिकेत आता नऊ-एक-एक निघालाय, तो तिकडचा. पण तीन एक मला एकाच देशाचे ठाऊक. न्यूझीलंडच्या डायलवर आकडे पहिल्यापासून उलटे. त्यांनाही इंग्लंडचीच यंत्रं हवी होती, नऊ ठोके ओळखणारी. त्यांच्या डायलवर नऊ ठोके म्हणजे एक! म्हणून तिथं एक-एक-एक लिहिलंय. तारेवर गेलं की दोन्ही एकच, भाऊ. कपडे वेगळे, अंग तेच."

मी खांबावर चढून हात सोलून घेतले होते, पण तारेतून काय जातं ते मला त्या चहाच्या वेळी दिसलं. समुद्रापलीकडं कुणीतरी बसून धूर, अंधार आणि वारा यांचा विचार करून आकडे ठरवले, आणि एका बाईनं भिवंडीत बसून नुसत्या तीन आकड्यांवरून ओळखलं की हा फोन कुठल्या मुलखाचा. नमस्कार करावा असं शहाणपण.

पण माझं काम अजून राहिलं होतं. साहेबांनी विचारलं होतं, खोट कुठं? दुसऱ्या दिवशी मी शेठकडं गेलो.

"शेठ, तक्रार तुम्ही एक्सचेंजमध्ये केलीत. परतही तिथंच घ्यायची. साहेबांसमोर."

"अरे, मीच सांगायचं? माझी इज्जत?"

"माझी तार कच्ची म्हणालात. मला इज्जत न्हाय काय?"

"आणि माझी लाइन कापली तर?"

"मी तुमच्या बाजूनं बोलेन. पण खोटं बोलणार न्हाय."

शेठनं दाढी खाजवली. हा माझं ऐकणार नाही असं वाटत होतं. पण आगीत लूम जळायचा वाचला होता आणि तीन एकांचा हिशेब मी त्याला कामगारांसमोर बोटांवर करून दाखवला होता, तो त्याच्या डोक्यात बसला असावा. आला. साहेबांच्या टेबलापुढं उभा राहून म्हणाला, "साहेब, लाइन साफ थी. फोन माझा उलटा होता. मी लपवत होतो."

साहेब बाईंकडं बघत होते. बाईंनी पाच, शून्य, एक यांचे ठोके सांगितले आणि म्हणाल्या, "यांची तार चांगली आहे, साहेब. ठोके इतके स्पष्ट आले की चुकायला जागाच नव्हती." माझ्या तारेला त्याहून मोठी पावती कुणी दिली नाही.

शेठला समज मिळाली, काळा फोन टेबलावर आला, हस्तिदंती फोन तार काढून काचेच्या कपाटात गेला. पावसाळ्यानंतर माझा पर्मनंटचा कागद आला. पेढे घेऊन मी आधी टेस्ट डेस्कवर गेलो. बाईंनी पेढा घेतला, कानाला लाइन लावलेलीच होती. हातानं मला थांब म्हणून खूण केली, कुणाची तरी तार ऐकत होत्या.

"गणेशपुरीकडं वारा सुटलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या तारेला तिकडं फांदी लागतेय. जाऊन या, मग पेढे वाटा."

मी सायकल काढली. लाइनमन म्हणून तो माझा पहिला फॉल्ट.