पावडरीनं मेली न्हाई

त्या दिवशी सकाळी बायकोनं स्टीलच्या दोन ग्लासांत कोमट पाणी घेतलं, दोन्हींत एकेक चमचा क्रिएटिनची पावडर टाकली आणि ढवळत राह्यली. मी म्हणालो, "माझ्यात जरा जास्त टाक, आज दोनशे मीटरचे फेरे आहेत."

"जास्त टाकल्यावर फेरे मैदानात न्हाई, संडासात होतील," ती म्हणाली आणि तिचा ग्लास रिकामा केला.

मंग आम्ही बदनापूरच्या मैदानावर गेलो. मी पळालो, तिनं गोळा फेकला. येताना मेथीची जुडी घेतली. दुपारी ती मेथी निवडता निवडता एका अंगावर कलंडली. तोंड वाकडं झाल्तं. जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, असं तिथल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. बीपी जुनं होतं, आणि बीपीची गोळी ती आठवली तर घ्यायची.

मी चौथी शिकलेला माणूस. सळईच्या कारखान्यात भट्टीजवळ उमर गेली. रिटायर झाल्यावर घरात बसून अंग आखडायला लागलं म्हणून मैदानावर जायला लागलो. तिथं पोरांना पळायला शिकवणारे एक मास्तर आहेत. म्हाताऱ्यांच्याही स्पर्धा असतात, वयाचे गट असतात, हे त्यांनीच सांगितलं. मी उतरलो. मला बघून ती उतरली. तिला पळणं आवडायचं न्हाई. गोळा हातात घेतला आणि म्हणाली, "वरवंट्याहून हलका आहे की."

पावडरही मास्तरांनीच सांगितली. चाळिशीनंतर अंगातलं मांस उतरायला लागतं, व्यायामाबरोबर घेतली तर ताकद टिकायला मदत होते, पण व्यायाम न करता नुसती पिऊन काही होत न्हाई, असं म्हणाले. मी घाई केली. जिममधली पोरं पयल्या आठवड्यात दिवसाला चार चार चमचे घेतात म्हणून मीही घेतले. पोट ढवळलं, तीन दिवस अंगणाबाहेर पडलो न्हाई. मास्तर हसले. "काका, तेवढ्यानं फक्त अंगात लवकर भरतं. रोज एक चमचा घेतला तरी महिनाभरात तिथंच पोचता. सुट्टीच्या दिवशीही घ्यायचा. सकाळी का संध्याकाळी, त्यानं काही अडत न्हाई." तेव्हापासून डबा तिच्या ताब्यात गेला.

ती माळकरी. आधी हातच लावीना. "मांसातलं असतं म्हणतात ते." मास्तरांनी सांगितलं, मांसात असतं खरं, पण हे कारखान्यात बनतं. तिला पटलं न्हाई. डब्यावरचा हिरवा ठिपका चष्मा लावून बघितला, तेव्हा पटलं. आणि गंमत अशी की फरक तिलाच जास्त पडला. दोन महिन्यांत तिचा गोळा हातभर लांब पडायला लागला. माझ्या पळण्यात फरक म्हणजे एवढाच, की दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला पाय पयल्यासारखे मरत न्हव्हते. गुडघा दुखायचा तो दुखायचाच. मास्तर म्हणाले, मांस न खाणाऱ्याच्या अंगात हे मुळात कमी असतं, म्हणून भरायला जागा जास्त. ती मला म्हणाली, "तुमच्यात आधीच बोकड भरलेलं आहे. जागा कुठून येणार?"

ही अशी बाई. आणि दहाव्याला तिचा मोठा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, म्हातारपणी पैलवानकीची पावडर पाजली तुम्ही तिला. त्यानंच घात झाला."

बायकांनी खाली बघितलं. मला वाटलं, माझा पोरगा तरी बोलेल. तो जालन्याला नोकरी करतो, शिकलेला आहे. त्यानंही खाली बघितलं. घरी आल्यावर त्यानं डबा उचलला आणि बाहेर नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकला.

दोन दिवस मी सोसलं, मंग म्हणालो, "तुझ्या मायला मी मारलं, असं तुला वाटतं का?"

"तसं न्हाई बाबा. पण किडनीवर येते म्हणतात ती पावडर. किडनी गेली की बीपी वाढतं. तुम्ही तरी रक्त तपासून घ्या."

त्याला माझी काळजी न्हव्हती असं न्हाई. पण मला त्यातलं दुसरंही दिसत होतं. माझी किडनी खराब निघाली, तर तिचीही तशीच झाली असणार, आणि मंग मेव्हणा म्हणतो ते खरं. तिला मी मारलं. म्हणून म्हणालो, "चल. आत्ताच चल."

कागद आला. किडनी बघायला जे मोजतात ते क्रिएटिनिन वाढलेलं. थोडंच, पण आकडा ठळक काळ्या अक्षरांत छापला होता. पोरग्यानं कागदाची फक्त घडी घातली. ती घडी मला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

तो कागद घेऊन मी त्याच डॉक्टर मॅडमकडं गेलो, ज्यांनी तिला शेवटी बघितलं होतं. पोरगा बरोबर होता.

"काका, क्रिएटिन घेता का तुम्ही?"

"घेत होतो. तपासणीच्या दोन दिवस आधी यानं डबा फेकला."

"आणि तपासणीच्या आधी व्यायाम?"

"आदल्या दिवशी पळालो. घरात बसवत न्हव्हतं."

"हे आधी सांगायचं असतं काका. ती पावडर अंगात गेली की तिचंच क्रिएटिनिन बनतं. जोरात पळाल्यानंही वाढतं. किडनी चांगली असली तरी आकडा वर जातो. मशीनला काय कळणार, ते कुठून आलंय?"

पोरगा म्हणाला, "पण दोन दिवस तर घेतलीच न्हाई."

"दोन दिवसांत काय होतंय. स्नायूंत भरलेलं असतं ते. उतरायला चार-सहा आठवडे लागतात."

हे ऐकलं आणि मी मांड्यांवर हात ठेवला. म्हणजे तिनं ढवळून दिलेलं अजून हितं होतं.

मॅडमनी रक्ताची दुसरी तपासणी लिहिली, सिस्टॅटिन म्हणून. पावडरीनं ती चुकत न्हाई, म्हणाल्या. सोबत लघवीची. रक्ताची बाटली संभाजीनगरला गेली. ते दिवस मी कसे काढले ते मला इचारू नका.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मॅडम म्हणाल्या, "किडनी ठणठणीत आहे. रोजचा एक चमचा चालेल. किडनीचा आजार असता तर मी नको म्हणाले असते. अधूनमधून तपासत राहा, आणि लॅबवाल्याला पावडरीचं आधी सांगा."

मी सरळ इचारलं, "मॅडम, तिला मी मारलं का?"

त्यांनी तिचे जुने कागद मागवले, माझ्यासमोर बघितले. "काकूंची किडनी आम्ही इथं आल्यावर तपासली होती. चांगली होती. त्यांचं बीपी गेली कित्येक वर्षं वर होतं आणि गोळ्या सुटत होत्या. त्या पावडरीनं असा रक्तस्राव होतो, असं मी कुठं वाचलेलं न्हाई."

पोरगा बाहेर येऊन बाकावर बसला आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घरी येताना त्यानं नवीन डबा घेतला. मला न इचारता.

पण मेव्हणा. त्याला रिपोर्ट दाखवला, तर म्हणतो, "कागदाचं काय सांगता दाजी, कागद काय बी म्हणतो." मनात म्हटलं, पयला कागद दाखवला तेव्हा तर हाच खरा म्हणून मान हलवत होता.

तो रोज सकाळी मैदानाच्या फाटकापाशी चहाच्या टपरीवर बसतो. दुसऱ्या दिवशी मी खिशात पुडी घेऊन तिथं गेलो. टपरीवाल्याकडून गरम पाणी मागितलं, त्यात पावडर टाकली, आणि त्याच्यासमोर उभा राहून ढवळली.

"अजून पिता का दाजी?"

"पितो. तुझी बहीण रोज प्यायची, माझ्या हाताला धरून मैदानात यायची, आणि गोळा फेकताना तुझ्या वयाच्या माणसांना लाजवायची. पावडरीनं मेली न्हाई ती. बीपीनं मेली. अन् तू बीपीची गोळी घेतो का, ते मला आधी सांग."

तो हळूच म्हणाला, "कधी कधी."

"मंग घरी जा अन् घे."

ग्लास रिकामा केला, धुवून टपरीवाल्याला दिला आणि मैदानात गेलो. पाय जड होते, दम न्हव्हता. चार फेरे ठरवले होते, तीनच झाले. चौथ्याला चालत गेलो, पण गेलो.