न मारलेल्या हाका

मला माणसांचा हेवा वाटतो. हे मी आता उघड सांगतो, कारण आता लपवून काय मिळणार? पण सेलूत मास्तर असताना ज्याचा हेवा केला, त्याच्याइतका पुन्हा कुणाचा केला नाही.

तो आणि मी एकाच शाळेत शिकवायचो आणि एकाच खोलीत राहायचो. निजामाचं राज्य होतं. सगळा कारभार उर्दूतून चालायचा आणि वकालतीची परीक्षाही उर्दूतून, हैदराबादला जाऊन द्यावी लागायची. ती पास झाली की मास्तरकी सुटणार, कोर्टात काळा कोट घालून उभं राहता येणार. दोघांनीही फॉर्म भरले होते. माझं उर्दू लहानपणापासून पक्कं, मी बोललो की शाळेतले मौलवीसाहेबही मान डोलवायचे. तो बोरीकडच्या शेतकरी घरातला. उर्दू पान वाचताना ओळीवर बोट ठेवायचा आणि शब्द अडला की मला विचारायचा. मी सांगायचो, जरा दमानं, म्हणजे आपल्याला किती येतं ते त्याच्या ध्यानात यावं.

त्याच्या बापानं त्याला एकच वर्ष दिलं होतं. पास झाला तर वकील, नाही झाला तर बोरीला येऊन नांगर धरायचा. माझ्यावर तशी काही तलवार नव्हती. नापास झालो असतो तर पुढच्या वर्षी पुन्हा बसलो असतो.

खोलीपासून हाकेच्या अंतरावर कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी काढायची गिरणी, होती. हंगामात तिचा पहिला भोंगा पहाटे व्हायचा, मजुरांना उठवायला. दुसरा दीड तासानं, काम सुरू करायला. या दोन भोंग्यांच्या मध्ये तो अभ्यास करायचा. तेवढाच. आधी नाही, नंतर नाही.

पहिला भोंगा झाला की तो ताडकन उठायचा. एरवी त्याची झोप अशी की कानाशी ताशा वाजवला तरी कूस बदलणार नाही. हात-पाय धुवायचा, कंदिलाची काच पुसायचा, दौतीत शाई आहे का बघायचा, घोटभर पाणी प्यायचा. रोज याच क्रमानं. मग दगडी पाटीवर एक ओळ लिहायचा. 'कर्जाच्या दाव्याची मुदत, तीन कलमं, न बघता सांगता आली पाहिजेत.' पाटी कंदिलाला टेकवून ठेवायचा आणि दाराकडं पाठ करून बसायचा. त्या वेळात देव जरी आला असता तरी त्याला ओसरीवर थांबावं लागलं असतं.

दुसरा भोंगा झाला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचा. मग शिवलेल्या वहीत तीन-चार ओळी लिहायचा: आज काय झालं, कुठं अडलं, उद्या पहिल्यांदा काय उघडायचं. पाटी पुसली की मोकळा. दिवसभर पुस्तकाला हात लावायचा नाही. संध्याकाळी विटीदांडू खेळणाऱ्या पोरांना नियम शिकवत बसायचा.

"असं अर्ध्यावर का सोडता?" मी एकदा विचारलं.

"अर्ध्यावर सोडलं की दुसऱ्या दिशी बसाया सोपं जातंय, मास्तर. कुठून सुरू करायचं ह्याच्यातच माणसाचा येळ जातो. माझं कालच ठरलेलं ऱ्हातंय."

मी हसलो. मनातल्या मनात म्हणालो, खेडवळ. पण महिन्याभरात त्याचं बोट ओळीवरून निघालं. दोन महिन्यांत तो मला शब्द विचारेनासा झाला. आणि मी? मी दिवसभर पुस्तक काखोटीला मारून हिंडायचो. जेवताना उघडायचो, शाळेच्या सुट्टीत उघडायचो, आणि रात्री आपण आज काय वाचलं हे आठवायला लागलो की घाम फुटायचा.

म्हणून मी गुपचूप त्याची नक्कल केली. तो नदीवर गेला की मीही पाटी घ्यायचो. एका ओळीनं माझं भागेना. मी पाच ओळी लिहायचो, सगळा फौजदारी कायदा, सगळा दिवाणी, शिवाय उजळणी. काच पुसायचो तर अशी पुसायचो की त्यातच अर्धा तास जायचा. शेवटी वहीत लिहायचो, 'आज बरं झालं.' दुसऱ्या दिवशी ते वाचून काय कपाळ कळणार? आठवड्यात मी तो नाद सोडला. त्याऐवजी त्याची वही वाचायला लागलो. पुस्तक वाचण्यापेक्षा ती वही बरी होती. कुठलं कलम घात करतं, कुठं दोन कलमांची गल्लत होते, सगळं त्यानं आपल्या वाकड्या अक्षरात लिहून ठेवलेलं. मी त्याच्याच अडचणींवर तयार होत होतो आणि वर त्याच्यावरच जळत होतो.

चैत्र संपता संपता कापूस सरला. जिनिंग बंद पडली. भोंगाही थांबला.

त्या दिवशी तो उन्हं वर आल्यावर उठला आणि चेहरा उतरवून बसला. मग माझ्याकडं आला.

"मास्तर, तुमची झोप सावध हाय. तुमच्यापाशी घड्याळ बी हाय. तेवढी पहाटं मला हाक मारताव का? परीक्षा होईस्तोवर?"

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आता त्याची बैठक माझ्या हातात होती. रोज पहाटे मी उशाचं घड्याळ बघून "मास्तर, उठा" म्हणायचो. तो त्याच घटकेला उठायचा, हात-पाय, काच, दौत, पाणी, पाटी. दीड तासानं मी "झालं" म्हणायचो आणि तो लेखणी ठेवायचा. पंधरा-वीस दिवस मी हे इमानानं केलं.

मग एक दिवस शाळेत सदर मास्तरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, सगळ्यांसमोर त्याला शेतसाऱ्याच्या एका तक्रारीतला मुद्दा विचारला. त्यानं कलम सांगितलं, त्याचा अपवाद सांगितला, आणि तेही उर्दूत. उच्चार बोरीचे, पण एक शब्द चुकला नाही. सदर मास्तर म्हणाले, "या शाळेतून वकील झाला तर हाच होईल." मी शेजारी उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्याला मी शब्द शिकवले, ज्याला मी रोज उठवतो, त्याच्या नावाचा डंका आणि मी तिथं खांबासारखा!

त्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "माझं डोकं दुखतंय. दोन दिवस झोप नाही."

दुसऱ्या पहाटे मला नेहमीच्या वेळी जाग आली. घड्याळ बघितलं. तो माझ्यापासून चार हातांवर, भिंतीकडं तोंड करून पडलेला. मी हाक मारली नाही. डोळे मिटून घेतले आणि श्वास सावकाश सोडत राहिलो, झोपलेल्या माणसासारखा. दीड तास तसाच पडून होतो. कौलांच्या फटीतून उजेड आला तेव्हा तो उठला. मला वाटलं, आता भांडेल. त्यानं विचारलं, "डोकं कसं हाय?" मी म्हणालो, अजून तसंच. त्यानं वहीत लिहिलं, 'आज बैठक नाही.' बस्स.

एका दिवसानं माझं समाधान व्हायला हवं होतं. नाही झालं. दुसऱ्या दिवशीही मी पडून राहिलो, तिसऱ्याही. असे आठ दिवस. वहीत आठ वेळा तीच ओळ. त्याच्या वर, शेवटच्या खऱ्या बैठकीची टीप होती: 'उद्या पहिल्यांदा पुराव्याचा कायदा. तोंडी साक्ष कधी चालत नाही, ते अजिबात कळलेलं नाही. आठ दिवस लागतील.' ती टीप मी वाचली आणि तो कायदा मी स्वतः वाचून काढला. दिवसाउजेडी, शाळेमागच्या लिंबाखाली बसून.

नवव्या दिवशी त्यानं हाकेचा विषयच संपवला. झोपताना दोन तांबे पाणी पिऊन झोपायला लागला, म्हणजे पहाटे आपोआप जाग येते, असं मला म्हणाला. बैठक पुन्हा सुरू झाली. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि पुढचा अभ्यास आधीच आखलेला. गेलेले आठ दिवस त्याला कुठं घालता आले नाहीत.

निकाल आला. मी पास. तो एका पेपरात गेला, पुराव्याच्या कायद्यात. बाकी सगळ्यांत त्याला माझ्याहून जास्त मार्क होते. पास झाल्याच्या दिवशीसुद्धा मी आधी त्याचे मार्क बघितले.

बोरीहून त्याच्या बापानं बैलगाडी पाठवली. त्याचं सामान ते काय, एक वळकटी आणि एक ट्रंक. मी गाडीपर्यंत गेलो. म्हणालो, "मास्तर, ते आठ दिवस तुमचे बुडाले, ते..."

"त्याचं तुमी मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मी जागाच होतो."

"जागे होता?"

"आठी दिवस. हाकेची सवय लागली होती, आपसूक जाग यायची. पण तुमाला लय दिसांनी झोप लागली होती. दार वाजलं, कंदील लावला, तर मोडली असती. म्हनून पडून ऱ्हायलो. म्हनलं, बरं वाटलं की हाक मारतील. परीक्षा अंगावर आली तवा मातर थांबवेना; पान्याचं सांगितलं ते तुमाला वाईट वाटू नये म्हनून."

एका खोलीत, चार हातांवर, आम्ही दोघं जागे पडून होतो. तो माझी झोप मोडू नये म्हणून हलत नव्हता. मी हलत नव्हतो तो त्याचं वर्ष मोडावं म्हणून.

तेव्हा तोंड मिटून ठेवलं असतं तरी चाललं असतं. नाही राहवलं. म्हणालो, "मी झोपलो नव्हतो."

शिव्या देईल, थोबाडीत मारेल, काहीतरी करेल म्हणून मी उभा होतो. तो गाडीत चढला, वळकटीला टेकून बसला आणि गाडीवानाला म्हणाला, "हाण."

पुढं माझी वकिली बऱ्यापैकी चालली. काही वर्षांनी त्याच्या भावकीत वाटणीचा दावा लागला, कागदपत्रं गुंतागुंतीची होती. त्यानं काम दुसऱ्या वकिलाकडं दिलं. कोर्टात माझ्याच शेजारी बसणाऱ्या. तो पहाटे बोरीहून निघून यायचा आणि त्या वकिलाला प्रत्येक तारखेला एकच मुद्दा समजावून सांगायचा. मी माझ्या कागदांत मान घालून ऐकत बसायचो, आणि मला त्या वकिलाचा हेवा वाटायचा.