लाल ओळी

माझी बायको गेली त्याला आता चौथा महिना चालू आहे. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही, पण जे माझ्या हातून झालं ते दुसऱ्याच्या तोंडून निघण्यापेक्षा माझ्याच तोंडून निघालेलं बरं.

गेवराईजवळ एका ट्रस्टच्या डोळ्याच्या दवाखान्यात मी शिपाई होतो. खेड्याखेड्यांत शिबिरं व्हायची, मोतीबिंदूवाले म्हातारे-म्हाताऱ्या तपासून त्यांची यादी करायची आणि चार-पाच दिवसांनी गाडीत घालून ऑपरेशनला आणायचं. यादीतलं नाव मोठ्यानं पुकारणं आणि माणूस धरून आत नेणं हे माझं काम. माझा आवाज लई मोठा होता, आता बसलाय.

आमच्याकडं एक जुनी रीत होती. शिबिरात बोटाला सुई टोचून साखर बघायचे, आणि ज्याची साखर चढलेली निघंल त्याचं नाव वहीत लाल पेनानं लिहायचे. लाल नावाला टेबलावर घ्यायचं नाही. आधी गोळी, मग सुरी. आकडा कुणी लिहीत नसे. लाल दिसलं की झालं.

मग कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला एक बाई आली. पंचविशीतली होती, तोंडानं फटकळ. मला मामा म्हणायची, दवाखान्यात शिपायाला सगळेच मामा म्हणतात. तिनं वहीची रीत तशीच उचलली. साखरवाल्याची सगळी ओळ ती लाल रंगानं भरायची. पडद्यावर लई सुरेख दिसायचं, हिरव्या पाल्यात लाल मिरच्या लावल्यासारखं.

दुपारी काम नसलं की मी तिच्यामागं उभा राहून बघायचो. एकदा तिनं दाखवलं, "मामा, नुसतं चिकटवलं तर सगळंच येतं. पण इथं पेस्ट स्पेशल म्हणून एक खिडकी उघडते. तिच्यात सांगायचं, काय पाह्यजे ते. व्हॅल्यूज म्हटलं की नुसता मजकूर येतो, रंग मागंच राहतो. फॉरमॅट्स म्हटलं की नुसता रंग येतो, मजकूर येत न्हाई. कॉलम विड्थ म्हटलं की नुसती रुंदी."

"आन् खाली हे चौकोनी खोकं कशाचं?"

"ट्रान्सपोज. त्यावर खूण केली की आडवं उभं होतं आन् उभं आडवं. ऑपरेशनच्या दारावरचा तक्ता मी तसाच करते. नावं खाली-खाली होती, ती वर ओळीनं आली. एकेका पलंगाखाली एकेक."

"माणसाचं बी करता येतं का आडव्याचं उभं?"

"तुमाला करून दाखवू का?" म्हणाली, आणि मी हसलो. ते हसणं मला आठवतं, कारण त्यानंतर आम्ही दोघं एकत्र कधी हसलो नाही.

खोट प्रिंटरमध्ये होती. आमचा प्रिंटर काळाच छापायचा. पडद्यावरचा लाल कागदावर काळपट गचाळ पट्टा होऊन यायचा आणि त्याखाली नाव गुदमरायचं. मी व्हरांड्यात उभा राहून पुकारायचो आणि पट्ट्यावर आलो की अडकायचो. एकदा तर एका म्हातारीच्या जागी तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याला आत पाठवलं. डॉक्टरांनी सगळ्यांपुढं विचारलं, "काय रे, तुझ्याच डोळ्यात मोतीबिंदू झालाय का? तुलाच घेऊ का टेबलावर?" बाकावरची माणसं खदाखदा हसली. जी चाचपडत दार शोधत होती तीसुद्धा.

तो राग मी त्या बाईवर काढला. "तुझे ते पट्टे काढ. मला वाचता येत न्हाई."

"पट्टे काढले तर साखर कुठं दिसंल, मामा?"

"तुझ्या पडद्यावर दिसंल की. मला फक्त नावं पाह्यजेत. रंग काय चाटायचाय मला?"

मग सगळी यादी उचलून तिनं कोऱ्या पानावर नेली आणि पेस्ट स्पेशलमधून नुसत्या व्हॅल्यूज टाकल्या. मग परत तीच खिडकी उघडून कॉलमची रुंदी आणली, म्हणजे नावं अर्धवट दिसणार नाहीत. स्वच्छ यादी निघाली, पांढरीफक्क. तिनं बजावलं, "ही पुकारायची यादी. हिच्यावरून दुसरं काही करायचं न्हाई. डॉक्टरांना ती पट्ट्याचीच द्यायची, ध्यानात ठेवा."

"ठेवतो बे ठेवतो," मी म्हणालो. बाईमाणसाला कुणी बे म्हणत नाही, पण त्या दिवशी मी म्हणालो.

त्याच आठवड्यात चकलांब्याला शिबिर होतं, आणि माझी बायको तिकडं माहेरी गेलती. तिच्या उजव्या डोळ्यावर सायीसारखं आलेलं. मीच तिचं नाव घालायला लावलं, दवाखान्यात माणूस असल्याचा तेवढाच फायदा. तिथं तिच्या बोटाला सुई टोचली. तपासणाऱ्या पोरीनं तिला म्हटलं, "मावशी, तुमाला नंतर यावं लागंल," आणि पुढच्या बाईकडं वळली. नंतर म्हणजे कधी, कशामुळं, ते काही सांगितलं नाही. ओळ लाल झाली म्हणजे सांगून झालं, असंच सगळे धरून चालायचे.

ऑपरेशनच्या दिवशी बाई रजेवर होती, तिच्या बहिणीचं लग्न होतं. जाण्याआधी तिनं चकलांब्याच्या दोन्ही याद्या छापून ठेवल्या होत्या, पट्ट्याची डॉक्टरांना आणि कोरी मला. तपासणीचे कागद अजून चकलांब्याच्या शाळेत खोक्यातच पडून होते, म्हणून डॉक्टर यादीवरून नवे कागद भरायला बसले. पट्ट्याची यादी समोर धरून म्हणाले, "हे काय छापलंय? काळं तोंड झाल्यासारखं. दुसरी न्हाई का?"

मी खिशातून माझी यादी काढली. घडी घातलेली, घामानं जरा ओली. "ही घ्या साहेब. एकदम साफ."

"वा," म्हणाले डॉक्टर. "इतक्या दिवसात एक काम बरं केलंस." आणि पट्ट्याची यादी त्यांनी चुरगाळून बादलीत टाकली.

मला तेव्हा आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. बाईचं बोलणं मला आठवलं होतं. पण पहिल्यांदा कुणीतरी माझ्याजवळचं काहीतरी मागून घेतलं होतं.

बायकोचा नंबर आला. दाराशी येऊन थांबली आणि हळू म्हणाली, "आवं, मला ती पोरगी म्हणली हुती नंतर या म्हणून. बोटाला टोचलं तवा."

मी तिच्या दंडाला धरून म्हणालो, "गप बस. यादीत सगळं लिहिलेलं आसतं. मी वाचलीय यादी. तुला काय कळतं?"

डॉक्टरांनी आतून विचारलं, "काय म्हणती? साखर हाय का हिला?"

"न्हाई साहेब. यादीत लाल न्हाई."

लाल कसं असणार? त्या कागदावर कुणीच लाल नव्हतं. मी सकाळपासून बघत होतो त्या कोऱ्या ओळी, आणि त्या कोरेपणालाच पुरावा म्हणून पुढं केलं. बायको माझ्याकडं बघत होती, एका डोळ्यानं स्पष्ट, एका डोळ्यानं धूसर. मग टेबलावर चढली. नवरा वाचतो म्हणजे खरंच असणार.

तिसऱ्या दिवशी पू झाला. आणखी दोघांना झाला, पण त्यांचे डोळे वाचले. हिचा औरंगाबादला नेऊन काढून टाकावा लागला. भूल उतरल्यावर तिनं पहिलं विचारलं, "पट्टी कधी सोडतेत?" मी म्हणालो, "सोडतेत."

बाई रजेवरून आली तेव्हा हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती. मी तिच्या टेबलाजवळ गेलो. तिनं पडद्यावर माझी कोरी यादी उघडली. मग जुनी यादी उचलली, कोऱ्या यादीच्या पहिल्या घरावर आली, पेस्ट स्पेशलची खिडकी उघडली आणि फॉरमॅट्सवर खूण करून ओके दाबलं. एक अक्षर हललं नाही. नावं जागच्या जागी राहिली आणि त्यांच्यातल्या पाच ओळी एका झटक्यात लाल झाल्या. चौथी लाल ओळ माझ्या बायकोची.

"वाचता येतंय का आता, मामा?" ती म्हणाली.

दोन दिवसांनी ट्रस्टच्या माणसांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. डॉक्टर एका बाजूला बसलेले, मान खाली. मुख्य माणसानं विचारलं, "ही बिनरंगाची यादी कुणी केली?"

मी म्हणालो, "ह्या बाईनं."

खोटं नव्हतंच. केली तिनंच होती. ती माझ्याकडं वळून बघत राहिली, मी आता सांगेन, मग सांगेन म्हणून. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. मुख्य माणूस म्हणाला, "तुझी बायको गेली डोळ्यानं, तुला आमी काय बोलणार." म्हणजे बायकोच्या डोळ्यानं माझी नोकरी वाचवली. बाईला त्याच दुपारी घरी पाठवलं. जाताना तिनं आपल्या खुर्चीवरची उशी तेवढी नेली.

बायको त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दगडाचा डोळा बसवला होता, तो मिटायचा नाही. झोपेतसुद्धा माझ्याकडं बघायची. रंग मीच काढायला लावला हे मी तिला कधी सांगितलं नाही. पण शेजारणी विचारायच्या, "कसं झालं वं?" तर ती माझ्यादेखत म्हणायची, "ह्यांनी वाचली हुती यादी." एवढंच. पुढं कधी काही नाही. मी ताटावरून उठायचो, तर म्हणायची, "जेवा की. मी काय बोलले?"

शेवटच्या दिवसांत दुसऱ्या डोळ्यालाही दिसेना झालं. साखरेनंच. डॉक्टरचा कागद माझ्या हातात बघून, बघून म्हणजे फडफड ऐकून, म्हणाली, "वाचू नका. राहू द्या."

तेराव्याला फोटो लावायचा होता. गेवराईला स्टँडजवळ झेरॉक्स-कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. खुर्चीवर ती बाई बसलेली होती. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, पण मी ओळखलं. तिनंही ओळखलं, कारण मामा म्हणाली नाही.

"बसा बाबा," म्हणाली, जसं कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणावं तसं.

मी फोटो पुढं केला. तिनं तो दिव्याखाली धरला. दगडाच्या डोळ्यावर तिचं बोट आलं आणि तिथंच थांबलं. मला वाटलं, आता बोलंल. वीसेक वर्षं मी तयार होतो त्याला. नुसतं एकदा म्हणाली असती की मामा, तुमी खोटं बोललात, तर मी हो म्हणालो असतो. सांगायला आता तेवढं एकच माणूस उरलंय.

तिनं फोटो मशीनवर पालथा ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "साधा काढू का रंगीत?"

"रंगीत," मी म्हणालो.