वटहुकूम संपला त्या दिवशी

सोलापुरात लष्करी कायदा होता तेव्हा शुक्रवार पेठेतल्या एका केशवपन झालेल्या विधवा बाईंचा मुलगा वटहुकमाखाली दोन वर्षांसाठी तुरुंगात गेला. मी त्याचा वकील. बाईंना धीर द्यायला म्हणालो, “कायदेमंडळाला न विचारता काढलेला वटहुकूम सहा महिन्यांपलीकडे टिकत नाही.” झालेली शिक्षा मात्र पुढेही चालते, हे सांगण्याचा धीर मला झाला नाही.

मुदत संपली तशा बाई मुलाचा धुतलेला सदरा घेऊन वकिलांच्या खोलीत आल्या.

“कायदा गेला ना? मग आणा त्याला घरी.”

एक ज्येष्ठ वकील म्हणाले, “बाई, वस्तरा मोडला म्हणून भादरलेले केस परत येतात का?”

खोली हसली. बाईंनी पदर कपाळापर्यंत ओढून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही हसत होतो.